लिस्ट लागल्यावर सहकाऱ्याचं अभिनंदन कसं करावं

बँकेत बढतीला कोणी बढती म्हणत नाही. प्रमोशन म्हणतात, आणि ते कळतं यादीवरून. दुपारनंतर कुणाच्यातरी फोनवर वरच्या ऑफिसातून निरोप येतो, "लिस्ट लागली", आणि शाखेतल्या प्रत्येक टेबलावरचं काम दोन मिनिटं थांबतं. मी सरकारी बँकेत बावीस वर्षं काढली आहेत. नव्याने लागलेली मुलंमुली अशा वेळी गोंधळतात, हे मी पाहत आले आहे. काही जण लांबूनच अंगठा दाखवतात, तर काही इतकं बोलतात की ज्याचं प्रमोशन झालं तो बाजूलाच राहतो. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. उदाहरणं बँकेतली आहेत, कारण तेच जग मला नीट माहीत आहे.

आधी इथली रचना समजून घ्या. लिपिकाचा अधिकारी झाला की तो स्केल वन, त्यावर मॅनेजर म्हणजे स्केल टू आणि सिनियर मॅनेजर म्हणजे स्केल थ्री. वर जाण्यासाठी कुठे लेखी परीक्षा असते, कुठे नुसता इंटरव्ह्यू. एकाच शाखेतली तीन-चार माणसं एकाच वेळी इंटरव्ह्यूला जातात, एकमेकांकडून नोट्स घेतात, एकाच गाडीने जाऊन परततात. यादीत मात्र फक्त निवड झालेल्यांची नावं असतात. ज्यांची नसतात तीही संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतात. म्हणजे तुम्ही ज्याचं अभिनंदन करणार, त्याच्या शेजारच्याच खुर्चीवर कदाचित नाव न आलेला माणूस बसलेला असतो. तो माणूस तुम्हीही असू शकता.

माझं तसंच झालं होतं. माझ्याच बॅचची, माझ्या शेजारच्या टेबलावर कर्जाचं काम बघणारी मैत्रीण स्केल टूला निवडली गेली आणि माझं राहिलं. मी उठून तिच्याजवळ गेले, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "अभिनंदन गं! माझं मात्र यंदाही राहिलंच." पुढची दहा मिनिटं ती माझी समजूत काढत होती. "तुझा इंटरव्ह्यू चांगला झाला होता, पुढच्या वर्षी नक्की होईल, तू मनाला लावून घेऊ नकोस." तिने अजून घरी फोनही केला नव्हता. मी तिच्या वाटणीची दहा मिनिटं घेतली, आणि हे मला रात्री घरी गेल्यावर कळलं. वाईट हेतू माझ्या मनात नव्हता, फक्त एक वाक्य जास्त झालं होतं.

आधी यादी स्वतः बघा

पहिलं काम म्हणजे यादी डोळ्यांनी बघणं. यादी लागण्याआधी दोन दिवस अफवा फिरतात, आणि "तुझं झालंय म्हणे" असं सांगून नंतर नाव नसल्याचं निघालं तर त्या माणसाला दुप्पट लागतं. एका आडनावाची दोन माणसं असतात, त्यामुळे कर्मचारी क्रमांक जुळतो का तेही पाहावं. यादी खरी असली तरी त्या व्यक्तीला ती कळली आहे ना, याचा अंदाज घ्या. घरच्यांना सांगण्याआधी शाखेतल्या दहा जणांनी सांगितलेलं सगळ्यांनाच आवडतं असं नाही.

तुमचंही नाव यादीत यायचं होतं आणि आलं नाही, तर लगेच उठू नका. आधी पाणी प्या, हातातलं व्हाउचर पूर्ण करा, बाहेर एक चक्कर मारून या. दहा-पंधरा मिनिटांनी काही बिघडत नाही, पण तासन्‌तास लांबवू नका. इतर सगळे बोलून गेले आणि तुम्हीच राहिलात, तर तुमचं न बोलणं दिसतं. त्याच दिवशी, शाखा बंद होण्याआधी बोलावं, हा माझा नियम आहे.

वेळही बघा. रोखपाल मोजणीच्या मधोमध असेल तर त्याच्या काचेशी जाऊन टाळ्या वाजवू नका. कॅश जुळेपर्यंत थांबा. समोर ग्राहक बसलेला असेल तर तो जाईपर्यंत थांबा. ज्या क्षणी ती व्यक्ती मान वर करून तुमच्याकडे बघू शकेल, तो क्षण निवडा.

दोन वाक्यं बोला

समोर गेल्यावर दोन वाक्यं पुरतात. पहिलं नुसतं अभिनंदन, दुसरं तुम्ही स्वतः पाहिलेली त्या व्यक्तीच्या कामातली एक गोष्ट.

या दुसऱ्या वाक्यावर सगळं अवलंबून आहे. "तू खूप मेहनती आहेस" हे कुणालाही म्हणता येतं, म्हणून ते ऐकणाऱ्याच्या कानावरून जातं. पाहिलेली गोष्ट मात्र त्या एकाच माणसाची असते. माझ्या त्या मैत्रिणीकडे बचत गटाच्या बायका कर्जाला यायच्या. बहुतेकींना छापील मजकूर वाचता यायचा नाही. ती कागद त्यांच्याकडे वळवायची, बोट ठेवून एकेक अट मराठीत वाचून दाखवायची, हप्ता किती आणि तो चुकला तर काय होईल ते सांगायची, त्यातल्या एकीकडून ते पुन्हा वदवून घ्यायची, आणि मगच सही किंवा अंगठा घ्यायची. बाहेर रांग लांबत असली तरी यात तिने कधी घाई केली नाही. मी त्या दिवशी एवढंच म्हणायला हवं होतं: "मनापासून अभिनंदन! बचत गटाच्या बायकांना तू प्रत्येक अट वाचून दाखवायचीस ना, लिस्ट बघितल्यावर मला पहिल्यांदा तेच आठवलं."

या वाक्याचा आणखी एक उपयोग आहे. तुमच्या मनात थोडी कळ असली तरी हे वाक्य खरंच राहतं. तुम्ही ती गोष्ट पाहिलेली आहे, ती चांगली होती, आणि तुमचं नाव यादीत नसल्याने ती कमी चांगली होत नाही. पण "मला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला" असं ओढून-ताणून म्हणायला गेलात तर आवाज साथ देत नाही आणि समोरच्याला ते ऐकू येतं. जेवढं खरं आहे तेवढंच बोला. ते थोडं असलं तरी चालतं.

अशी गोष्ट आठवतच नसेल, किंवा त्या व्यक्तीची निवड तुम्हाला पटलेलीच नसेल, तर कौतुक रचू नका. "अभिनंदन, आणि नव्या जागेसाठी शुभेच्छा" एवढं म्हणून बाजूला व्हा. आपल्याकडे हे दोन शब्द बरेचदा अदलाबदल करून वापरतात. जे घडलं त्याचं अभिनंदन असतं, जे पुढे यायचं आहे त्याच्या शुभेच्छा असतात. इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी शुभेच्छा द्यायच्या, यादी लागल्यावर अभिनंदन करायचं.

वरिष्ठाशी बोलताना एक काळजी घ्या. शाखेत येऊन सहा महिने झालेला मुलगा सिनियर मॅनेजर झालेल्या साहेबांना "सर, तुम्ही हे डिझर्व्ह करत होता" असं म्हणतो तेव्हा त्याचा हेतू चांगलाच असतो, पण ऐकायला ते प्रमाणपत्र दिल्यासारखं वाटतं. त्याऐवजी तुम्ही त्यांच्याकडून काय घेतलंत ते सांगा: "सर, मनापासून अभिनंदन. केवायसीचे कागद अपुरे असतील तर ग्राहकाला न दुखवता परत कसं पाठवायचं, ते तुमच्याकडे बघून शिकलो." मग थांबा. याच्यापुढे आपल्या पहिल्या दिवसाची गोष्ट सुरू केलीत की विषय पुन्हा तुमच्याकडे वळतो.

मग त्यांना बोलू द्या

दोन वाक्यं झाली की गप्प राहणं नव्या माणसाला अवघड जातं. मध्ये शांतता पडली की आपण ती भरायला जातो, आणि नको ते नेमकं तेव्हाच तोंडातून निघतं. त्याऐवजी एक साधा प्रश्न विचारा: "घरी कळवलंस का?" किंवा "इंटरव्ह्यूला काय काय विचारलं होतं?" त्यावर ती व्यक्ती जितकं सांगेल तितकं ऐका.

पोस्टिंगचा प्रश्न मात्र आपणहून विचारू नका. बँकेत प्रमोशनबरोबर बहुतेकदा बदली येते, ती दुसऱ्या जिल्ह्यात, कधी दुसऱ्या राज्यात. ज्याच्या घरी दहावीची मुलगी आहे, किंवा म्हातारे सासू-सासरे आहेत, त्याला यादीत नाव बघून आनंद झालेला असतो आणि पोटात गोळाही आलेला असतो. काही जण घरच्या अडचणीने प्रमोशन नाकारतातही. अशा माणसाला पहिल्याच मिनिटाला "मग आता कुठे फेकणार तुला?" असं विचारलं की आनंद जागच्या जागी आटतो. "चला, सुटलात तुम्ही इथून" हेही तसंच. तो आपणहून बदलीचं बोलला तर ऐका, आणि तुम्हाला त्या गावातली भाड्याची खोली किंवा चांगली शाळा माहीत असेल तर सांगा. ती मदत झाली.

समोरच्याने तुम्हालाच विचारलं, "तुझं काय झालं रे?", तर लपवू नका, पण पसरूही नका. "यंदा नाही झालं. ते आपण नंतर निवांत बोलू, आज तुझं सांग." एवढं शांतपणे म्हटलंत की त्याचाही संकोच जातो.

शाखेत प्रमोशन झालेला माणूस दुसऱ्या दिवशी पेढे आणतो. पुढे केलेला पेढा लगेच घ्या आणि त्याच्यासमोर खा. ड्रॉवरमध्ये ठेवून देऊ नका. "एवढ्यावर नाही हं भागायचं, पार्टी पाहिजे" हे वाक्य जुन्या मित्राने म्हटलं तर हसून घेतलं जातं, पण नव्या ओळखीच्या माणसाने म्हटलं की मागणी होते. पार्टीचं बोलणं त्याच्यावर सोडा.

जी वाक्यं चांगल्या मनानेही खटकतात

"नशीब काढलंस" हे आपल्या तोंडात इतकं बसलेलं आहे की त्यातला अर्थ आपल्याला ऐकूच येत नाही. ज्याने नोकरी आणि घर सांभाळून चार महिने पहाटे उठून अभ्यास केला, त्याला ते ऐकू येतं. "झालं बाई एकदाचं" यातला "एकदाचं" आधीच्या दोन नापास वर्षांची आठवण करून देतो. "आता काय, मोठी माणसं झालात, ओळख ठेवा" हे तर घरोघरी बोललं जातं. बोलणाऱ्याला आपुलकी दाखवायची असते, पण ऐकणाऱ्याला शपथ घ्यावी लागते: "नाही हो, असं काय बोलता, मी तोच आहे." म्हणजे पुन्हा समजूत काढायचं काम त्याच्याकडेच आलं. एखादं वाक्य असूयेचं वाटेल का हे ओळखायला मला हीच खूण उपयोगी पडते. तुमचं वाक्य ऐकून समोरच्याला स्वतःचा बचाव करावा लागतो का, किंवा तुमची समजूत काढावी लागते का? तसं असेल तर ते वाक्य गिळून टाका.

आणि एक गोष्ट कधीच बोलू नका, समोर नाही आणि मागेही नाही: त्याचं प्रमोशन कशामुळे झालं याचा तुमचा तर्क. जात, आरक्षण, बाई असणं, युनियन, साहेबांची मर्जी. शाखा लहान असते, जेवणाच्या टेबलावर बोललेलं चार वाजेपर्यंत त्याच्या कानावर जातं. मग तुम्ही सकाळी केलेलं अभिनंदन त्याला खोटं वाटतं, आणि ते पुन्हा खरं करता येत नाही.

लिहून कळवताना

दुसऱ्या शाखेतल्या सहकाऱ्याला मेसेजच करावा लागतो. फोन त्या संध्याकाळी लागत नाही, आणि लागला तरी मागे दुसरा वाजत असतो. शाखेतल्या एका मुलीने पाठवण्याआधी मला दाखवलेला कच्चा मजकूर साधारण असा होता:

"हार्दिक अभिनंदन!! मला खूप खूप आनंद झाला. आपण एकाच दिवशी जॉइन झालो, एकाच ट्रेनिंगला होतो, किती पटकन दिवस गेले ना. माझंही व्हायला हवं होतं, पण असो. तू खरंच नशीबवान आहेस. पार्टी कधी? आता मोठी साहेब झालीस, ओळख ठेव!"

आम्ही दोघींनी तो ओळीओळीने तपासला. "पण असो" हा सगळ्यात आधी काढला, कारण न बोललेली सगळी तक्रार त्या दोन शब्दांत बसलेली होती. त्याच्या आधीचं "माझंही व्हायला हवं होतं" त्याच्याबरोबर गेलं. नशीब, पार्टी आणि ओळख ही तिन्ही गेली. ट्रेनिंगची आठवण चांगली होती, पण त्यात त्या मुलीने काय केलं हे नव्हतं, दोघी तिथे होत्या एवढंच होतं. मी विचारलं, ट्रेनिंगमध्ये तिचं काय आठवतं? ती म्हणाली, "मला ताळेबंद वाचता यायचा नाही. ती रात्री मेसच्या टेबलावर बसून सगळ्यांना समजावून सांगायची." मग मजकूर असा झाला:

"लिस्ट पाहिली. मनापासून अभिनंदन! ट्रेनिंगमध्ये रात्री मेसच्या टेबलावर तू आम्हा सगळ्यांना ताळेबंद शिकवायचीस, तेव्हाच वाटलं होतं की तू शाखा छान सांभाळशील. आज तुझा फोन सारखा वाजत असेल, उत्तराची घाई करू नकोस."

शेवटचं वाक्य मला विशेष आवडतं. त्या दिवशी पन्नास मेसेज येतात आणि प्रत्येकाला उत्तर द्यायचं ओझं होतं. ते ओझं तुम्ही कमी करता. स्वतःचा मेसेज तपासायचा असेल तर त्यातले "मी", "मला", "माझं" मोजा. एखादा राहिला तर हरकत नाही. तिसरा दिसला की पुन्हा लिहा.

शाखेच्या ग्रुपवर मात्र छोटं लिहा, नाव घेऊन "मनापासून अभिनंदन" एवढं पुरे. मेसची आठवण, बचत गटाची आठवण वैयक्तिक मेसेजमध्येच ठेवा. त्या ग्रुपवर नाव न आलेलेही आहेत, आणि तिथे एकाचं लांबलचक कौतुक वाचणं त्यांना जड जातं. फुलांचा तयार फोटो पाठवू नका, तो कोणी पाठवला हे संध्याकाळपर्यंत कुणाला आठवत नाही.

बरोबरीचा माणूस साहेब झाला तर

कधी प्रमोशन होऊन तोच माणूस त्याच शाखेत तुमच्या वरच्या खुर्चीत बसतो. काल ज्याला "अरे" म्हणत होतात त्याला आज काय म्हणायचं, हा प्रश्न खरा आहे आणि तो पहिल्या दिवशीच सोडवावा. माझा अनुभव असा की ग्राहकांसमोर आणि मीटिंगमध्ये "तुम्ही" आणि "सर" किंवा "मॅडम" म्हणावं, डब्याच्या वेळी जुनं "तू" चालू ठेवावं. पण हे सर-मॅडम सरळ आवाजात म्हणा. खेचून, मान झुकवून "काय आज्ञा साहेब" असं म्हटलंत तर सगळ्या केलेल्या अभिनंदनावर पाणी पडतं. आणि पहिल्या महिनाभर रजा किंवा बदलीसारखं काही वैयक्तिक मागायला जाऊ नका. अभिनंदनाच्या पाठोपाठ मागणी आली की त्याला आधीचे चांगले शब्दही आगाऊ दिलेल्या हप्त्यासारखे वाटतात.

चुकलंच तर

तोंडातून चुकीचं गेलं तर दुसऱ्या दिवशी थोडक्यात दुरुस्त करा. लांबलचक माफी मागू नका, कारण मग ती व्यक्ती पुन्हा तुमचीच समजूत काढत बसेल. मी दुसऱ्या दिवशी सकाळी, शाखा उघडायच्या आधी, तिच्या टेबलापाशी गेले आणि म्हणाले, "काल मी माझंच सांगत बसले. तुझं अभिनंदन राहूनच गेलं." मग बचत गटाच्या बायकांचं बोलले. ती काही वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तू ते बघायचीस?" मला वाटत होतं तिला हे कधीच कुणीतरी सांगितलं असेल. कुणीच सांगितलं नव्हतं.

तिला नांदेड जिल्ह्यातली शाखा मिळाली. यादीच्या दिवशी सगळे बोलतात, पण नव्या गावी हजर झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कोणी फोन करत नाही, आणि तेव्हा माणूस खानावळीचं जेवून एकटा खोलीवर बसलेला असतो. म्हणून तुमच्या फोनमध्ये यादी लागल्या दिवशीच महिनाभरानंतरची आठवण लावून ठेवा. मी रविवारी संध्याकाळी तिला फोन केला आणि फक्त विचारलं, "शाखा कशी आहे?" ती पाऊण तास बोलली. तिथले बचत गट सतरा होते, आणि कागद वाचून दाखवायला तिने एक टेबल खिडकीपाशी हलवून घेतलं होतं.